सात पायऱ्यांची माहिती

पावर हाउस नावाच्या भागातल्या बाजारामागं एक दुमजली सरकारी इमारत आहे, जनसुविधा भवन नावाची. पेन्शन, राशनकार्ड, दाखले, सगळी कामं तिथं होतात. जोतं उंच, म्हणून दाराशी सात पायऱ्या. वर्षातून एकदा, मार्च महिन्यात, नूतनला त्या चढून आत जावं लागायचं. दिव्यांग पेन्शन चालू राहायची तर माणूस जिवंत आहे याची पडताळणी लागते, आणि अंगठ्याचं मशीन आत असतं.

नूतनला दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला. आता ती एक्केचाळीस वर्षांची होती. बाप पंजाबराव तुमसरकडून या हिंदी मुलखात पोट भरायला आलेला, हथखोजच्या एका रोलिंग मिलमध्ये जन्मभर खपला आणि नऊ वर्षांपूर्वी गेला. राहिल्या मायलेकी. कॅम्प नावाच्या कामगार वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरात नूतन एका जुन्या लॅपटॉपवर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायची. कोणाचा जातीचा दाखला, कोणाचा शाळेचा प्रवेश. सरकारी हिंदी तिच्या हाताखालून इतकी गेली होती की कोणत्या कागदाला कोणता कागद जोडायचा हे तिला न पाहता सांगता यायचं.

पडताळणीच्या दिवशी तुळसाबाई लेकीची चाकाची खुर्ची उलटी धरायची आणि एकेक पायरी मागं सरकत वर ओढायची. खालून कोणी ना कोणी हात लावायचं. सहासष्ट वर्षांची बाई, पण तिला दुसऱ्यानं खुर्ची धरलेली चालायची नाही. लोक खुर्ची तिरपी करतात, पोरीला धक्का बसतो, असं तिचं म्हणणं.

त्या वर्षी पाचव्या पायरीवर तिचा पाय लुगड्यात अडकला. खालून हात लावणाऱ्या माणसानं खुर्ची अंगानं अडवली, म्हणून नूतन वाचली. तुळसाबाई मात्र कुशीवर आपटली आणि तशीच पडून राहिली. ओरडली नाही. नूतन खुर्चीत बसून तिच्याकडं पाहत होती आणि तिला उतरून मायपर्यंत जाता येत नव्हतं. दोन हातांचं अंतर होतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. सरकारी दवाखान्यात प्लेट बसवली. डॉक्टरांनी सांगितलं की वॉकर धरून चालेल. तुळसाबाई चार पावलं चालली आणि पुढं चाललीच नाही. खाटेवरून तिनं एक दिवस विचारलं, "तुयी पडताळणी झाली का वं?" झाली होती. मायला ऑटोत घातल्यावर एका शिपायानं मशीन खाली आणून नूतनचा अंगठा घेतला होता. त्याला दोन मिनिटंही लागली नव्हती. एरवी मशीन खाली आणायचा नियम नाही, असं दरवर्षी सांगत.

त्यानंतर नूतननं कायदा काढून वाचला. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा, सन दोन हजार सोळाचा. त्यात लिहिलं होतं की असलेल्या सगळ्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या. ती पाच वर्षं जून दोन हजार बावीसमध्येच संपली होती. दुसऱ्या एका सरकारी पानावर तिला जनसुविधा भवनाचं नाव सापडलं. ज्या इमारतींचं सुगम्यता ऑडिट झालं त्यांच्या यादीत ते चौदाव्या क्रमांकावर होतं. म्हणजे कोणीतरी त्या पायऱ्या मोजून गेलं होतं. कोणीतरी लिहून ठेवलं होतं की इथं चाकाची खुर्ची चढत नाही.

तिनं माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहिला. पहिला अर्ज रागात लिहिला आणि दोन पानं भरली. ऑडिट कधी झालं, मंजुरी कोणी दिली, पैसा कुठं गेला, आणि अजून रॅम्प का नाही. बारा दिवसांनी अर्ज परत आला. एका अर्जात एकच विषय पाहिजे आणि शब्द दीडशेच्या आत पाहिजेत, असं वर लिहिलेलं.

हा शेरा ज्याच्या हातचा होता तो कमलेश, जन सूचना अधिकाऱ्याच्या, म्हणजे माहिती अधिकाराचे अर्ज पाहणाऱ्या साहेबाच्या, टेबलाचा बाबू. आजोबा गोंदियाकडचे, म्हणून नूतनशी घरच्या बोलीत बोलायचा. तिनं त्याला फोन लावला.

"ताई, 'का' विचारू नका," तो म्हणाला. "का म्हणजे माहिती नाई होत. जो कागज आफिसात हाय तोच मागा. कागजाचं नाव लिहा."

नूतनला ते पटलं. रात्रंदिवस ती लोकांना हेच सांगायची, की अर्जात रडगाणं लिहू नका. तिनं दुसरा अर्ज लिहिला, शहाण्णव शब्दांचा. जनसुविधा भवनाच्या सुगम्यता ऑडिटच्या अहवालाची प्रत. त्यावरून झालेल्या कामाच्या प्रशासकीय आणि तांत्रिक मंजुरीची प्रत. अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला. गरिबी रेषेखालच्या कार्डाची प्रत जोडली, म्हणजे शुल्क लागत नाही. रजिस्टर पोस्टानं पाठवला आणि पावती मायच्या उशाखाली ठेवायला दिली, कारण घरातली जपायची वस्तू तिथंच ठेवायची रीत होती.

तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. एकोणतिसाव्या दिवशी पत्र आलं की हे अभिलेख बांधकाम खात्याकडं असल्यानं अर्ज तिकडं पाठवला आहे. अर्ज दुसरीकडं पाठवायचा तर पाच दिवसांत पाठवायचा असतो, हे नूतनला ठाऊक होतं. बांधकाम खात्यानं महिन्यानं कळवलं की मूळ नस्ती जनसुविधा भवनातच आहे. मधे निवडणूक होती, सगळे ड्युटीवर. नूतन वाट पाहत बसली नव्हती. तिनं मुदतीतच पहिलं अपील टाकलं होतं.

घरात तोवर एक वेगळीच घडी बसली होती. सकाळी शेजारची सीमा येऊन तुळसाबाईला पुसून द्यायची, कूस बदलून द्यायची. बाकी दिवसभर खुर्चीतली लेक खाटेवरच्या मायचं करायची. पाण्याचा गिलास, गोळ्या, वरण कालवून भात. खुर्ची खाटेला नीट लागत नसे, म्हणून हात लांबवून भरवावं लागायचं आणि अर्धा घास चादरीवर पडायचा. तुळसाबाईला त्याची लाज वाटायची. चाळीस वर्षं तिनं लेकीला भरवलं, उचललं, धुतलं, तेव्हा लेकीला कधी लाज वाटू दिली नव्हती. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा तिला ते सोसवेना.

अपिलाच्या सुनावणीची नोटीस आली. स्थळ लिहिलं होतं, जनसुविधा भवन, पहिला मजला, कक्ष क्रमांक बारा.

नूतन गेली. नेहमीचा ऑटोवाला चिंधू, त्यानं तिला पायऱ्यांपाशी उतरवून दिलं. तिनं वर निरोप पाठवला की अपीलकर्ती खाली हजर आहे. तिला वाटलं, आता कागदावर 'अनुपस्थित' असं लिहितील आणि मोकळे होतील. पण थोड्या वेळानं अपिलीय अधिकारी स्वतः खाली आल्या. समृद्धी मॅडम, नवीनच बदलून आलेल्या, तिशीच्या. त्यांच्या मागं जन सूचना अधिकारी अरुणकुमार आणि फाइल घेऊन कमलेश. मॅडमनी दुसरी खुर्ची मागवली आणि पायऱ्यांखाली, सायकलींच्या शेजारी, नूतनसमोर बसल्या.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. पाच दिवसांचा नियम असताना अठ्ठावीस दिवस अर्ज का अडवला, हे अरुणकुमारांना विचारलं. ते म्हणाले की स्टाफ कमी आहे. मॅडमनी तिथंच आदेश सांगितला की पंधरा दिवसांत सगळ्या प्रती विनाशुल्क द्या, आणि अपीलकर्तीला मूळ फाइल पाहायची असली तर तीही दाखवा. उठताना त्यांनी पायऱ्यांकडं पाहिलं आणि हिंदीत म्हणाल्या की हे तर खरंच वाईट आहे.

घरी येऊन नूतननं मायला सांगितलं की कागद मिळणार. तुळसाबाईनं विचारलं, कागद मिळाल्यावर काय होते? नूतन म्हणाली की कागदात मंजुरी दिसली की मग काम कावून नाही झालं ते सांगावंच लागते. त्या दिवशी ती खरोखर खुश होती. तिनं सीमाला सांगून मटण आणवलं.

त्रेचाळीस पानं आली, शिक्का मारलेली, क्रमांक घातलेली. एकही पान कमी नाही.

आधी ऑडिट होतं. नूतननं ते दोनदा वाचलं, कारण तिच्या आयुष्याबद्दल इतकं नेमकं कोणी लिहिलेलं तिनं पाहिलं नव्हतं. पायऱ्या सात, प्रत्येकी पंधरा सेंटिमीटर, एकूण चढ एकशे पाच. कठडा नाही. दाराची रुंदी अपुरी. सुगम प्रसाधनगृह नाही. खिडकीचा ओटा बसलेल्या माणसाच्या हाताला पोचत नाही. शिफारस लिहिली होती की बारास एक या उतारानं रॅम्प बांधावा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, मधे विसाव्याची सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडे. शेवटी एक ओळ होती, 'सद्यःस्थितीत व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीस स्वतंत्रपणे प्रवेश अशक्य.' 'स्वतंत्रपणे' हा शब्द ती बराच वेळ पाहत राहिली.

पुढं प्रशासकीय मंजुरी. मग तांत्रिक मंजुरी, अंदाजपत्रक, कार्यादेश. सगळं होतं. मग मोजमाप पुस्तिकेची पानं, ज्यात साहेब जागेवर जाऊन झालेलं काम फुटपट्टीनं मोजून लिहितो. तिथं रॅम्प होता. लांबी, रुंदी, काँक्रीट, दोन्ही बाजूंचे कठडे, मधली सपाट जागा, सगळं आकड्यांत मांडलेलं. खाली इंजिनियरची सही. त्यामागं काम पूर्ण झाल्याचा दाखला, डिसेंबर दोन हजार बावीसचा.

नूतनला आनंदच झाला. रॅम्प कागदावर होता आणि जमिनीवर नव्हता. यापेक्षा मोठा पुरावा काय असतो? तिनं मायला हाक मारली आणि सांगितलं की सापडलं, यायनं न बांधताच बांधला म्हणून लिहिलं.

शेवटची दोन पानं तिनं त्यानंतर उलटली.

बेचाळिसाव्या पानावर फोटोची झेरॉक्स होती, काळीकुट्ट. एक खुर्ची, खुर्चीत कोणी बाई, मागं दार. त्रेचाळिसाव्या पानावर 'लाभार्थीचे अभिमत' असा मथळा आणि तीन ओळी. कार्यालयात रॅम्पची सुविधा झाल्यामुळं मी सहजपणे आत जाऊ शकते, मी समाधानी आहे. खाली सही होती. नूतन पंजाबराव. 'न' हे अक्षर पोट फुगवून काढलेलं, जसं ती शाळेपासून काढायची.

मग तिला आठवलं. दीड वर्षापूर्वीची तीन डिसेंबर, दिव्यांग दिवस. कार्यालयातून कमलेशचा फोन आला होता की कार्यक्रम आहे, या, गाडी पाठवतो. दारापाशी झेंडूची तोरणं. पायऱ्यांवर प्लायवुडचे जाड पाट टाकले होते आणि त्यावर हिरवा गालिचा. उतार इतका उभा होता की चौघांनी मागून रेटलं तेव्हा खुर्ची वर गेली. दारात टाळ्या झाल्या. कॅमेरावाल्यानं तिला थोडं पुढं, थोडं मागं करायला लावलं, खालचा भाग दिसू नये म्हणून असेल. मग साहेब आले, शाल दिली, नाश्त्याचा डबा दिला. माइक तोंडापुढं धरला तेव्हा ती बोलली होती की आज फार बरं वाटलं. मग एका कागदावर सही घेतली. तिला वाटलं, हजेरीचा आहे. दुसऱ्यांचे फॉर्म भरताना एकेक ओळ वाचणारी नूतन त्या दिवशी वरचं काही न वाचता सही करून मोकळी झाली होती.

मायला तिनं ती दोन पानं दाखवली नाहीत.

आदेशाप्रमाणं ती मूळ फाइल पाहायला गेली. कमलेश फाइल खाली घेऊन आला आणि तिच्या मांडीवर ठेवून बाजूला उभा राहिला. रंगीत फोटोत ती हसत होती. हिरवा गालिचा तिच्या चाकांखाली संपत होता आणि त्याच्याही खाली काही होतं की नाही ते कळत नव्हतं.

"तुले मालूम होतं?" तिनं विचारलं.

 कमलेश म्हणाला की त्याला फक्त माणसं गोळा करायला सांगितलं होतं. फाइल त्यानंतर तयार झाली. ते इंजिनियर रिटायर झाले, ठेकेदार आता इकडं कामच करत नाही, आणि तेव्हाचे साहेब बदलून गेले.

"ताई, एक बात सांगतो, रागावू नका," तो म्हणाला. "इन्क्वायरी लागली ना, तर पहिले तुमालेच बोलावतीन. फाइलीत सबसे पक्का सबूत तुमची सहीच हाय."

"मी सांगीन, मले फसवलं म्हणून."

"सांगा ना. पण तुमी तर पढ्या-लिख्या. दुनियेचे फॉर्म भरता."

नूतननं फाइल मिटली. कमलेशचा स्वर धमकीचा नव्हता. त्याला तिची काळजीच वाटत होती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

तरी तिनं तक्रार केली. दुसरं अपील राज्य सूचना आयोगाकडं टाकावं असं एकानं सुचवलं, पण तिनं कायदा पुन्हा वाचला आणि तिला कळलं की तिथं काही मागता येत नाही. आयोग माहिती द्यायला लावतो. उशीर केला म्हणून फार तर दंड करील. माहिती तर तिला मिळालीच होती, त्रेचाळीस पानं, मागितली तेवढी सगळी. रॅम्प खोटा आहे की खरा हे पाहणं त्या आयोगाचं काम नव्हतं. मग तिनं दिव्यांगांच्या राज्य आयुक्तांना लिहिलं. पायऱ्यांचा आजचा फोटो लावला, मायच्या ऑपरेशनचे कागद लावले, फाइलीच्या प्रती लावल्या. त्रेचाळिसावं पान लावावं की नाही यावर ती दोन दिवस विचार करत राहिली. शेवटी लावलं, आणि सही कशी घेतली तेही लिहिलं. लपवून ठेवलं असतं तर त्यांनी काढलंच असतं.

समृद्धी मॅडमनाही ती भेटली. त्या पुन्हा खाली आल्या. त्यांनी स्वतः बांधकाम खात्याला पत्र लिहून नवीन रॅम्प मागितला होता. तिकडून आलेलं उत्तर त्यांनी नूतनला वाचून दाखवलं. त्या जागेवर ते काम पूर्ण झाल्याची नोंद आहे, सबब त्याच कामाला पुन्हा मंजुरी देता येत नाही. आधीची नोंद चुकीची ठरली तरच पुढचं होईल, आणि ती चुकीची ठरवायला चौकशी लागेल.

"म्हणजे फाइल नसती तर रॅम्प झाला असता," नूतन हिंदीत म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, हो, तसंच आहे. त्यांनी कसलीही सबब सांगितली नाही. जाताना एवढंच म्हणाल्या की पडताळणीच्या वेळी मला फोन करत जा, मी मशीन खाली पाठवीन. दिवाळीनंतर त्यांची बदली झाली.

थंडी पडली तशी तुळसाबाईच्या पाठीला जखमा झाल्या. सीमा तिला कूस द्यायची, पण सीमालाही तिचं घर होतं. मधल्या तासांत नूतन खाटेच्या कडेला खुर्ची लावायची, ब्रेक लावायची, मायच्या खांद्याखाली हात घालायची आणि उचलायचा प्रयत्न करायची. तिच्या हातांत जोर होता, पण बसल्या जागेवरून आडवं माणूस उलटवता येत नाही. माय म्हणायची, राहू दे वं, मी ठीक हाय. पुढं छातीत कफ भरला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी, सीमा गिरणीवर गेलेली असताना ती गेली. नूतन जवळच होती. मायचा हात हातात धरायला तिला खाटेच्या दांड्यावर छाती टेकवून ओणवं व्हावं लागलं, आणि ती तशीच सीमा येईपर्यंत राहिली.

तिरडीला खांदा द्यायला तुमसरहून चुलते-पुतणे आले आणि तिसऱ्या दिवशी परत गेले. नूतनला सोबत चल म्हणाले. तिनं नाही म्हटलं.

फेब्रुवारीत आयुक्तांकडून पत्र आलं. आपल्या तक्रारीवर संबंधित कार्यालयाचा अहवाल मागवण्यात आला. कार्यालयानं कळवलं आहे की अभिलेखानुसार रॅम्पचं काम पूर्ण असून खुद्द तक्रारकर्त्या त्याच्या लाभार्थी आहेत, छायाचित्र आणि अभिमत संलग्न. सबब प्रकरण नस्तीबद्ध, म्हणजे बंद. मागं तोच फोटो होता, या वेळी रंगीत. मायचं आजारपण, तिचं पडणं, याबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं. तिनं पत्र घडी करून मायच्या उशाखाली ठेवायला हात पुढं केला, आणि खाट रिकामी असल्याचं तिला आठवलं. गादी कधीच उचलून नेली होती.

मार्चमध्ये पडताळणी आली. चिंधूनं तिला नेलं. मॅडम नव्हत्या आणि नवीन साहेबांना मशीन खाली पाठवायचं काही ठाऊक नव्हतं. कमलेश बाहेर आला, पण त्याच्या हातात मशीन नव्हतं. म्हणाला, खाली नेटवर्क येत नाही, नवीन मशीन तारेवर चालतं. तो आणि चिंधू, आणखी दोन अनोळखी माणसं, चौघांनी खुर्ची उचलली. खुर्ची तिरपी झाली. नूतननं दोन्ही हातांनी दांडे धरले आणि डोळे मिटून घेतले. मायनं हे कधी करू दिलं नसतं. आत गेल्यावर अंगठा लावला, हिरवा दिवा लागला, आणि तिला तशीच उचलून खाली आणलं. उतरताना तिला दिसलं की दाराच्या बाजूला भिंतीवर निळ्या रंगात चाकाच्या खुर्चीची खूण नव्यानं रंगवली आहे.

एप्रिलमध्ये एक बाई तिच्याकडं आली, दामिनी नावाची. कुम्हारीची. चिंधूनं पत्ता दिला होता. तिचा नवरा प्रशांत एका शेडवरून पडला, कमरेखालचं सगळं गेलं, त्याला सात महिने झाले. त्याला प्रत्येक कामासाठी एका सरकारी कचेरीत न्यावं लागायचं आणि तिथंही पायऱ्या होत्या. कोणीतरी तिला सांगितलं होतं की माहितीच्या अधिकारात अर्ज केला की काम होते. तिनं पिशवीतून नवऱ्याचे कागद काढून मांडले, सगळे क्रमानं लावलेले.

नूतननं आपली फाइल काढली आणि पहिल्यापासून सांगितलं. दीडशे शब्द, तीस दिवस, अपील, मॅडम, ऑडिट, मंजुरी, मोजमाप. दामिनी मन लावून ऐकत होती, मधे मधे मान हलवत होती. बेचाळिसाव्या आणि त्रेचाळिसाव्या पानापाशी नूतन थांबली आणि पानं तिच्याकडं फिरवली.

"हे तुमी?"

"मीच."

"पढ्या-लिख्या असून तुमी सही कावून केली, ताई?"

हा प्रश्न नूतनला कोणीच सरळ विचारला नव्हता. कमलेशनं आडून सुचवला होता, आयुक्तांच्या पत्रानं तो गृहीत धरला होता. उत्तर तिनं स्वतःलाही दिलं नव्हतं. तिनं लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"त्या दिवशी मले वर नेलं होतं म्हणून," ती म्हणाली. "माय खाली उभी होती. पहिल्यांदा तिनं खुर्ची ओढली नव्हती. ती टाळ्या वाजवून राहिली होती."

दामिनीनं पानं परत तिच्याकडं फिरवली. मग तिनं विचारलं की तरी अर्ज टाकावा का. नूतन म्हणाली, टाक. कागज मिळते. कायदा कागज देते, ते खोटं नाही. पण तुया नवऱ्याले तिथं कोणी फोटो काढाले बोलावलं तर जाऊ देऊ नको.

 दामिनी घरी विचारून परत येते म्हणाली, आणि नवऱ्याचे कागद एकेक करून पिशवीत भरले. दारापर्यंत जाऊन ती वळली. म्हणाली, मागच्या महिन्यात त्याच कचेरीतल्या कार्यक्रमात त्यायले खुर्ची भेटली, नवीन, आणि तेव्हा कसल्या तरी कागजावर अंगठा घेतला होता.

नूतननं तिला विचारलं की कागदावर काय लिहिलं होतं.

"मालूम नाई," दामिनी म्हणाली. ती चप्पल घालून निघून गेली. एप्रिल संपला, मे संपला. ती परत आली नाही.